अर्ध्या शब्दामागून

मला जपानी येत होतं. नोकरीच्या अर्जात मी तसं लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. तीन वर्षं संध्याकाळचे वर्ग केले होते, परीक्षा दिल्या होत्या, आणि शब्दकोश मांडीवर घेऊन बसलं की कागदावरचा कुठलाही मजकूर मी उलगडू शकत होते. दिल्लीजवळ मानेसरच्या कारखान्यात दुभाषी म्हणून लागले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की कागद थांबून राहतो, माणसं थांबत नाहीत.

आमच्याकडे गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनत. प्रेस-शॉपमध्ये मोठमोठ्या यंत्रांत लोखंडी साचे बसवलेले असायचे, त्यांना सगळे डाय म्हणत. वरून धडाधड दाब पडायचा आणि खालून भाग निघायचे. तिथे जपानहून आलेले एक सल्लागार साहेब होते, पन्नाशीचे, चपळ. त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं आणि हिंदीतलं फक्त ‘चाय’. समोर आमचे फोरमन, फरीदाबादच्या कारखान्यांत वीस वर्षं घासून आलेले, त्यांना हिंदीशिवाय काही नको असायचं. या दोघांच्या मधे मी. साहेब काही विचारत, फोरमन उत्तर देत, मी वाक्य जुळवायला घेई. कर्ता ठेवला, कर्म ठेवलं, क्रियापदापर्यंत पोचले की मान वर करून बघावं तर साहेब पुढच्या यंत्रापाशी.

“मैडम जी,” फोरमन मला एकदा म्हणाले, “आपकी तो मालगाड़ी है। पहुँचती है, पर सवारी तब तक उतर के चली जाती है।”

मला राग आला. राग येण्यात मी तेव्हा फार पटाईत होते. पण माणूस खरं बोलत होता, त्यामुळे राग गिळून चहा प्यायले.

माझं प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं. सहाव्या महिन्यात आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहक कंपनीचे जपानी लोक तपासणीला यायचे होते. ऑफिसातून मला स्वच्छ सांगण्यात आलं की तपासणीत मी टिकले तर पक्की. नाहीतर दिल्लीहून अनुभवी दुभाषी बोलावतील आणि मला डिस्पॅचमध्ये मालाची चलनं टाइप करायला बसवतील. चलनं टाइप करण्यात वाईट काही नाही. पण बाबांनी सगळ्या नातेवाइकांना पत्रं पाठवून कळवलं होतं की मुलगी जपानी लोकांशी बोलते.

मी वर्गातल्या आमच्या जुन्या बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुला शब्द कमी नाहीत गं, चाल नाही. शॅडोइंग कर.” म्हणजे काय, तर टेप लावायची आणि बोलणाऱ्याच्या मागून, अर्धा-एक शब्द मागे राहून, त्याच्यासारखंच मोठ्यानं बोलत जायचं. त्याची चढउतार, त्याचा वेग, त्याचं श्वास घेणं, सगळं. टेप थांबवायची नाही. थांबवून म्हटलं तर ती नुसती उजळणी झाली. एखादा शब्द सुटला तर सोडून द्यायचा आणि पुढचा पकडायचा. सावली कशी, अडखळली म्हणून माणसाला थांबायला सांगत नाही.

मी मनातल्या मनात हसले. हे तर मी लहानपणापासून करत आले होते.

आमचं घर दिल्लीत, रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. आजूबाजूला पंजाबी, तमिळ, बंगाली, बिहारी, सगळे. बाहेर पाऊल टाकलं की आम्ही भावंडं हिंदीत. तेव्हा पोरांचं मराठी बुडू नये म्हणून बाबांनी परवचा धरला होता. दिवेलागणीला ते सतरंजीवर बसत आणि स्तोत्र, मग पाढे, मग पावकी, निमकी म्हणत. आम्ही त्यांच्या अर्धा शब्द मागे. ते थांबत नसत, आम्हीही नसू. आमचे उच्चार पुण्यातल्या आत्यांनासुद्धा तोंडात बोट घालायला लावत. आता पावकी म्हणजे पावाचा पाढा आणि निमकी म्हणजे अर्ध्याचा हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, ही गोष्ट वेगळी. आणि मधूनच कुणी विचारलं, सातची निमकी किती, तर मला एकपासून सुरुवात करावी लागे. मधे शिरता यायचं नाही, आणि सुरू झालं की मधे थांबताही यायचं नाही. पण घडाघडा यायचं, आणि घरात घडाघडा येण्याला मान होता.

तर मी कामाला लागले. बाबांचा शॉर्टवेव्ह रेडिओ होता, त्यावर जपानच्या बातम्या लागत. त्या मी कॅसेटवर घेतल्या आणि वॉकमन कानाला लावून गच्चीवर गेले. पहिल्याच दिवशी धाप लागली. बातमीदार बाई एका श्वासात अर्थमंत्री, व्याजदर, समुद्रातलं वादळ आणि तांदळाचं पीक काढून टाकत होती. निम्मे शब्द माझ्या ओळखीचे नव्हते, समोर कागद नव्हता, आणि मधूनच खरखर. मी तिच्या मागून नुसते आवाज काढत होते. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या मावशींनी आईला हळूच विचारलं की मुलीला ताप वगैरे नाही ना.

तरी मी हट्टानं दोन आठवडे रेटलं. एक दिवस तर कमाल झाली. सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये, धौला कुआंपासून गुडगावपर्यंत, तोंडावर रुमाल धरून मी अख्खी बातमी बाईच्या बरोबरीनं म्हटली. एकही शब्द सुटला नाही. बाहेर मोहरीच्या शेतात काचेच्या इमारती उगवत होत्या, मला वाटलं आपणही उगवलो. गुडगाव ओलांडता ओलांडता बाईचा आवाज पुरुषासारखा जाड व्हायला लागला आणि मग ती झोपेत बोलल्यासारखी बोलू लागली. बॅटरी उतरली होती. टेप मंद झाली होती, माझा वेग वाढला नव्हता.

त्या दिवशी कारखान्यात मी तेलगळतीची माहिती दिली ती साहेबांनी शांतपणे ऐकली, आणि मग म्हणाले, वादळ कुठल्या किनाऱ्यावर धडकणार तेही सांगून टाका. माझी चाल बातम्यांची झाली होती, वेग मात्र मालगाडीचाच. फोरमनना विनोद समजला नाही, पण साहेब हसले म्हणून तेही हसले.

मग मी शहाणपण केलं. वर्गाच्या लायब्ररीत एक पाठ्यपुस्तकी कॅसेट होती, कारखान्यातल्या संभाषणांची. अहवाल कसा द्यावा, बिघाड कसा सांगावा. आवाज स्वच्छ, वेग बेताचा, सोबत छापलेली पुस्तिका. माझ्या कामाचीच भाषा. निवड उत्तम होती, हे मी आजही म्हणेन. बिघडलं ते पुढे.

मी त्या कॅसेटचा परवचा केला.

सकाळी बसमध्ये जाताना एक बाजू, संध्याकाळी येताना दुसरी. रविवारी गच्चीवर दोन्ही. महिन्याभरात टेपची गरज उरली नाही. आईनं पोळ्या लाटता लाटता “म्हण बघू” म्हटलं की मी सुरू, आणि पोळ्या संपेपर्यंत अखंड. आई खूश. “बिल्कुल टीव्हीतल्यासारखं बोलतेस गं,” ती म्हणे. बाबांनी नातेवाइकांना आणखी एक पत्र टाकलं.

कारखान्यातही फरक पडला. सुरुवात मी अशी झोकात करायची की साहेब जागच्या जागी थांबत. फोरमननी मला मालगाडीवरून एक्स्प्रेसवर बढती दिली. तीन महिने झाले होते आणि मी हवेत होते.

मग एक दिवस पत्र्याच्या एका भागाच्या कडेला धार यायला लागली. कापल्यावर कड गुळगुळीत यायला हवी, तिथे दातेरी कुसळं राहत होती. साहेबांनी भाग हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, कशामुळे? फोरमन म्हणाले, “डाई में कुछ लगता है। अभी खोली नहीं है। ढूँढ रहे हैं।”

मी सुरुवात केली. धार आलेली आहे, साचा तपासत आहोत, कारण... आणि इथे माझी जीभ ओळखीच्या रस्त्याला लागली. कॅसेटच्या सातव्या पाठात ‘कारण’ हा शब्द आला की पुढे वाक्य येई: कारण सापडलं असून त्यावर उपाय केलेला आहे. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं. सुंदर निघालं, चढउतारासकट, शेवटी छोटासा श्वास आणि नम्र उतार. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी फळ्यावर त्या भागापुढे ‘उपाय झाला’ अशी खूण केली. तो फळा पाहूनच जपानला रोजचा फॅक्स जायचा. मला काहीच कळलं नाही. आपण काय बोललो याकडे माझं लक्षच नव्हतं, कसं बोललो याकडे होतं.

दहा मिनिटांनी साहेब परत आले आणि फोरमनपुढे हात पसरून उभे राहिले. काय उपाय केला ते दाखवा, म्हणाले. मी ते हिंदीत सांगितलं, तेव्हा कुठे मघाशी काय बोलून गेले ते मला कळलं.

“क्या दिखाऊँ?” फोरमन म्हणाले. “मैंने कब कहा?”

साहेब आता फोरमनकडे जसं बघत होते तसं मी त्यांना कुणाकडेच बघताना पाहिलं नव्हतं. थाप मारणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. सावरायला जागा होती, हे मी कबूल करते. उद्या दाखवतील, एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. फोरमनना जपानी येत नव्हतं, साहेबांना हिंदी. दोघांच्या मधल्या पुलावर मी एकटीच उभी होते आणि पूल हलवला कुणी ते फक्त मला ठाऊक होतं.

मी मालगाडीच्या वेगानं जपानीत म्हटलं, “ते यांनी म्हटलं नाही. माझ्या कॅसेटनं म्हटलं.”

साहेबांना समजेना. मी पिशवीतून वॉकमन काढला. त्यांनी त्या धडधडणाऱ्या शॉपमध्ये डोक्यावर ते स्पंजचे कान चढवले, हातानं दाबून धरले आणि सातवा पाठ सगळा ऐकला. मग फळ्यापाशी जाऊन खूण पुसली. परत येऊन म्हणाले, “हा कॅसेटमधला माणूस आयुष्यात कधी प्रेसजवळ उभा राहिलेला नाही. इतक्या लवकर कुणाला कारण सापडत नाही.” आणि निघून गेले. हसले नाहीत.

फोरमनना मी हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी तो भाग उचलून बाजूला ठेवला.

“बीस साल में बहुत गलती की है,” ते म्हणाले. “झूठ नहीं बोला। मेरे मुँह में अपनी बात मत डालना, बेटा।”

ते मला नेहमी मॅडमजी म्हणत. बेटा म्हणाले तेव्हा मला रडूच आलं, आणि मी प्रेसच्या मागे जाऊन रडले. तिथे आवाज इतका होता की कितीही मोठ्यानं रडता येत होतं.

पुढचे दोन आठवडे कठीण गेले. माझं प्रत्येक वाक्य झालं की साहेब फोरमनकडे वळून हातवाऱ्यांनी खात्री करून घेत. पण त्याच दिवसांत त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. त्यांची बायको लग्नाआधी एका कारखान्याच्या ऑफिसात होती, रविवारी घरी या, असं त्यात होतं.

ते गुडगावच्या एका नव्या उंच इमारतीत राहत. खाली गेटवर पहारेकरी, समोर अजून म्हशी. बाई बारीक, बसक्या आवाजाच्या, चाळीस-पंचेचाळीसच्या. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, तुमची ती कॅसेट लावा, बोलून दाखवा. मी लावली आणि मागून बोलू लागले. छान चाललं होतं. मधेच त्यांनी बटण दाबून टेप बंद केली. मी चार वाक्यं पुढे गेले, मग मला कळलं की टेप बंद आहे. बाई तोंडावर हात धरून हसत होत्या.

“आता शेवटी काय म्हणालात, त्याचा अर्थ सांगा,” त्या म्हणाल्या. मला आठवावं लागलं. मागे जावं लागलं, थेट पाठाच्या सुरुवातीपर्यंत. सातची निमकी किती!

त्या मला रागावल्या नाहीत. तुमचा कान चांगला आहे, चाल आली आहे, म्हणाल्या. पण तुम्ही आता सावली राहिला नाहीत, माणूस नसतानाही चालत सुटता. मग त्यांनी कोरी कॅसेट काढली आणि आमचा उद्योग सुरू झाला. दर आठवड्याला त्या माझ्यासाठी एक टेप भरायच्या, तीन मिनिटांची, जास्त नाही. कधी ऑफिसात फोनवर बोलावं तशी, कधी एखादी अडचण वरिष्ठांना समजावून सांगावी तशी. सोबत कागदावर सगळं लिहून द्यायच्या, आपल्या हातानं. नियम त्यांचेच. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दहापैकी नऊ वाक्यं तेव्हाच कळली पाहिजेत. नाही कळली तर टेप अवघड आहे, परत आणा, सोपी करून देते. कारण जीभ आणि डोकं दोन्ही एकदम धापा टाकू शकत नाहीत. मग कागद वाचून उरलेलं समजून घ्यायचं. मग ओठांतल्या ओठांत पुटपुटत मागून जायचं, मग कागद बघत मोठ्यानं, मग कागद पालथा घालून. टेपचा आवाज बारीक ठेवायचा, स्वतःचा ऐकू यायला हवा. शेवटी आपलं बोलणं दुसऱ्या यंत्रावर भरून शेजारी शेजारी ऐकायचं. ते ऐकणं म्हणजे शिक्षा होती. बाई जिथे श्वास घेत तिथे मी बोलत होते आणि त्या बोलत तिथे मी श्वास घेत होते.

आणखी एक गोष्ट. रेडिओवरच्या त्या बारीक, उंच आवाजामागे धावून माझा घसा बसायचा. या बाईंचा आवाज माझ्यासारखाच जाडसर, त्यामुळे ओढाताण नव्हती. साहेबांच्याच आवाजातली टेप का नको, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, करा, पण मग तुम्ही पन्नाशीच्या प्रेसवाल्यासारख्या बोलाल. पाहुण्यांना दचकवायचं असेल तर बघा.

सगळ्यात महत्त्वाचा नियम त्यांनी टेपच्या डबीवरच लिहून ठेवला होता: ही टेप न लावता म्हणता यायला लागली की परत करा.

परत केली की नवी मिळे. दर रविवारी त्या मधेच कुठेही टेप थांबवत आणि मला तिथेच गप्प बसावं लागे, आणि आत्ता काय ऐकलं ते माझ्या शब्दांत सांगावं लागे. पहिले दोन-तीन रविवार मी शब्दाच्या मधोमध आपटले. मग हळूहळू तोंडाबरोबर डोकंही चालायला लागलं.

बदल्यात त्यांना हिंदी हवं होतं, बाजारात बोलण्यापुरतं. मी म्हटलं, त्यात काय, तुम्हालाही टेप भरून देते. घरात सगळ्यात स्वच्छ आणि खणखणीत आवाज आईचा. तीस वर्षं दिल्लीच्या भाजीवाल्यांना तिनं धाकात ठेवलेलं. मी रेकॉर्डर पिशवीत लपवून तिच्याबरोबर सेक्टरच्या बाजारात गेले आणि अस्सल घासाघीस भरून आणली. कागद लिहिला, अर्थ दिला, बाईंच्या सगळ्या नियमांत बसवली. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

दिवाळीला कारखान्यात मिठाईचा कार्यक्रम झाला, तिथे साहेब बायकोला घेऊन आले. फोरमननी पुढे होऊन नमस्कार केला आणि लाडवांचं ताट धरलं. बाई तडफेनं म्हणाल्या, “भैया, ये बाजू में रखो, और एकदम ताजा वाला देना हं!”

फोरमन गार. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मैडम जी, ये जापान की हैं कि बंबई की?”

आईच्या हिंदीला दिल्लीत तीस वर्षं झाली तरी ते मराठीचंच लेकरू होतं, हे आम्हा घरच्यांच्या कानांना कधी जाणवलंच नव्हतं. आवाज स्वच्छ, वेग योग्य, कागद तयार, आणि माणूस चुकीचा. मी बाईंना खरं सांगितलं आणि दुसऱ्या कुणाची टेप देऊ केली. फोरमनच्या घरच्यांचीसुद्धा चालेल, म्हटलं. त्यांनी मान हलवली. भाजीवाला आता मला घाबरतो, म्हणाल्या, हीच बरी. आईला हे कळलं तेव्हा ती आधी चिडली, “माझ्या हिंदीला काय झालंय?” आणि मग चार दिवस शेजारणींना सांगत फिरली की एक जपानीण आपल्याकडून हिंदी शिकते.

तपासणी पौषाच्या थंडीत झाली. सकाळी धुकं इतकं होतं की कंपनीची बस ट्रॅक्टरच्या मागून रांगत गेली. पाच पाहुणे होते, निळ्या टोप्यांचे. त्यांचे प्रमुख भराभर विचारत, माझ्याकडे न बघता, आणि मी त्यांच्या मागून हिंदीत, मग फोरमनच्या मागून जपानीत. दुपारपर्यंत मला आपण बोलतोय हेही जाणवेनासं झालं. फक्त कुणाचं काय म्हणणं आहे ते जाणवत होतं. साहेब एका खांबाला टेकून उभे होते. सकाळपासून त्यांनी एकदाही फोरमनकडे वळून खात्री केली नव्हती.

शेवटच्या यंत्रापाशी प्रमुखांनी एक भाग उचलला. कडेला धार. गेल्या रात्रपाळीत पुन्हा आली होती. कारण काय, त्यांनी विचारलं.

फोरमननी टोपी सरळ केली. “कल डाई खोलेंगे,” ते म्हणाले. “खोले बिना मैं कुछ नहीं कहूँगा।” आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

मी सुरुवात केली. धार काल रात्रीपासून येते आहे, साचा उद्या उघडणार आहोत, कारण... आणि ते सातव्या पाठातलं वाक्य आलं. चढउतारासकट, श्वासासकट, जिभेच्या टोकापर्यंत आलं. समोर पाच वह्या उघड्या होत्या. ते वाक्य बोलले असते तर सगळे समाधानानं मान डोलावून जेवायला गेले असते.

“...कारण अजून माहीत नाही,” मी म्हटलं. “उघडल्याशिवाय हे काही सांगणार नाहीत.” आणि थांबले.

प्रमुखांनी टोपीखालून फोरमनकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. मग वहीत लिहिलं, उद्या संध्याकाळी कळवा म्हणाले, आणि पुढे गेले.

पाहुणे जेवायला गेल्यावर फोरमननी विचारलं, “बस इतना ही बोला आपने? छोटा-सा लगा।”

“जितना आपने बोला, उतना ही।”

जाऊन दोन चहा घेऊन आले, एक मला दिला. पाहुण्यांसाठी केलेला तो चहा कधीच थंड झाला होता, तरी मी तो थेंबाथेंबानं प्यायले.

पक्कं झाल्याचं पत्र आठवड्यानं मिळालं. बाबांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घालून देवापाशी ठेवलं आणि पत्रं लिहायला कार्डांचा गठ्ठा काढला. मग एकाएकी, जुन्या सवयीनं, मान वर न करता म्हणाले, “सातची निमकी किती?”

जीभ एकपासून निघणारच होती. मी तिला थांबवलं. सातचं अर्धं केलं.

“साडेतीन,” मी म्हटलं.

बाबांनी कार्डावरून मान उचलली. “पाढा नाही म्हटलास?”

“नाही,” मी म्हटलं. “तुम्ही विचारलंत तेवढंच सांगितलं.”